वर्ल्डकॉमचा नफा: तेव्हाचा आणि नंतरचा

जुन्या आकड्यांवर गुंतवणुकीची युक्ती तपासण्याला इथे बॅकटेस्ट म्हणतात. त्यातली सर्वात साधी युक्ती म्हणजे ‘व्हॅल्यू’: कंपनीच्या पुस्तकी किमतीच्या किंवा नफ्याच्या मानाने स्वस्त मिळणारे शेअर घ्यायचे. वाटते सोपे. पण त्या दिवशी खरेदीदाराला कोणता आकडा दिसत होता हे नेमके शोधायला गेलात की घाम फुटतो.

वर्ल्डकॉम या अमेरिकन टेलिफोन कंपनीचेच पाहू. मार्च २००२ मध्ये तिने २००१ सालचा वार्षिक अहवाल सरकारदरबारी दाखल केला. नफा सुमारे १.४ अब्ज डॉलर (१ अब्ज म्हणजे १०० कोटी), पुस्तकी किंमत सुमारे ५८ अब्ज. शेअर तेव्हा ७ डॉलरच्या आसपास, शेअरांची संख्या साधारण ३ अब्ज. म्हणजे अख्खी कंपनी बाजारात २१ अब्जाला, पुस्तकी किमतीच्या जेमतेम ३६ टक्क्यांना, आणि नफ्याच्या १५ पटीत! व्हॅल्यूवाल्याच्या यादीत हे नाव वरच्या नंबरात येणारच.

२५ जून २००२ ला कंपनीने जाहीर केले की ३.८ अब्ज डॉलरचा खर्च चुकीच्या रकान्यात गेला आहे. त्यातले ३.०५ अब्ज २००१ सालचे. दुसऱ्या कंपन्यांच्या तारा वापरण्याचे भाडे यांनी खर्च म्हणून न दाखवता मालमत्ता म्हणून मांडले होते. भाड्याने आणलेल्या टेम्पोचे भाडे ‘टेम्पो विकत घेतला’ म्हणून लिहावे तसे. २००१ चा करापूर्वीचा नफा होता सुमारे २.४ अब्ज, त्यातून ३.०५ वजा केले की उरतो तोटा. २१ जुलैला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. (आपल्याकडच्या वाचकांना ७ जानेवारी २००९ चे सत्यमचे पत्र आठवेल. तिथे ५,०४० कोटींची रोकडच नव्हती.)

दुरुस्त हिशेब आले मार्च २००४ मध्ये. आता समजा तुमच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक कंपनी-वर्षाला एकच ओळ आहे आणि दुरुस्ती आली की जुना आकडा पुसून नवा बसतो. तुमचा प्रोग्रॅम मार्च २००२ मध्ये उभा राहून २००१ सालापुढे प्रचंड तोटा वाचतो आणि शहाण्यासारखा बाजूला होतो. प्रत्यक्षात त्या महिन्यात हा शहाणपणा व्हॅल्यूवाल्याकडे नव्हता. त्याने शेअर घेतला असता आणि पैसे बुडवले असते. कागदावरचा परतावा फुगतो तो अशा न झालेल्या नुकसानींमुळे.

याची चर्चा जुनी आहे. बान्झ आणि ब्रीन यांनी १९८६ मध्ये कॉम्प्युस्टॅटच्या नेहमीच्या फायलीची तुलना वर्षानुवर्षे त्या त्या वेळी जमवलेल्या आकड्यांशी केली, तेव्हा नफा-किंमत गुणोत्तराबद्दलचे निष्कर्षच बदलले. नंतर फामा आणि फ्रेंच यांनी १९९२ च्या निबंधात डिसेंबरचे आकडे पुढच्या जुलैपासूनच वापरायचे असा नियम पाळला. पण हा नियम ‘अहवाल उशिरा येतो’ यावरचा इलाज आहे. पुसलेल्या आकड्यावर तो काहीच करत नाही, कारण सहा महिने थांबून तुम्ही वाचता तो आकडा २००४ चाच असतो.

खरा उपाय कंटाळवाणा आहे: काहीही पुसायचे नाही. प्रत्येक आकड्याला दोन तारखा द्यायच्या, एक तो कोणत्या काळाचा आहे त्याची आणि दुसरी तो कधी दाखल झाला त्याची.

```sql
SELECT val FROM facts
WHERE firm = 'WCOM' AND item = 'net_income'
  AND period_end = '2001-12-31' AND filed < '2002-04-01'
ORDER BY filed DESC LIMIT 1;
```

अमेरिकेच्या एसईसीच्या एडगर साठ्यात २००९ नंतरच्या एक्सबीआरएल आकड्यांसोबत `end` आणि `filed` अशा दोन्ही तारखा फुकट मिळतात. एकाच `end` साठी वेगवेगळ्या `filed` ला वेगळा आकडा दिसला की समजावे, दुरुस्ती झाली. बहुतेक वेळा त्यात लबाडी नसते. कंपनीने एखादा विभाग विकला की पुढच्या अहवालात मागच्या वर्षांची विक्रीही त्या विभागाशिवाय मांडली जाते, कोणी दवंडी पिटत नाही. असे किरकोळ बदल वर्ल्डकॉमपेक्षा कितीतरी जास्त, आणि म्हणूनच नजरेतून सुटणारे.

तुमच्या डेटाचा रोग किती हे मोजायचे असेल तर तीच युक्ती दोनदा चालवा, एकदा पुसलेल्या आकड्यांवर आणि एकदा तारीखवार आकड्यांवर. परताव्यातला फरक म्हणजे तुम्ही भविष्यातून उसना आणलेला नफा.

एक गाठ मात्र यानेही सुटत नाही. २५ जून २००२ ते मार्च २००४ या काळात वर्ल्डकॉमचा शेवटचा दाखल वार्षिक हिशेब जुनाच होता. ३० जूनला तारीखवार डेटाबेस इमानदारीने ५८ अब्ज पुस्तकी किंमत सांगतो, शेअर तर एका डॉलरच्याही खाली गेलेला. प्रोग्रॅमला ही जगातली सर्वात स्वस्त कंपनी वाटते, आणि पेपर वाचणाऱ्या कोणालाही ती तशी वाटत नव्हती. म्हणून मी ‘आधीचे हिशेब विश्वासार्ह नाहीत’ अशी घोषणा हीसुद्धा एक तारीख असलेली ओळ म्हणून साठवतो आणि त्या दिवसापासून त्या कंपनीचा पुस्तकी आकडा रिकामा धरतो. आधीच घेतलेला शेअर मात्र यादीत राहतो, त्याची किंमत शून्यावर जाईपर्यंत.