समीक्षकांना उत्तर : पत्र पाठविण्यापूर्वी काय तपासावे?

विज्ञानविषयक नियतकालिकाकडे शोधनिबंध पाठविल्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी संपादकांचे पत्र येते. निबंध फेटाळलेला नसतो, पण त्यात सुधारणा हव्या असतात. सोबत दोन किंवा तीन समीक्षकांचे अभिप्राय जोडलेले असतात. सुधारलेल्या निबंधाबरोबर लेखकांना एक उत्तरपत्र पाठवावे लागते. कोणता आक्षेप मान्य केला, कोठे बदल केला आणि काय मान्य नाही, हे त्यात लिहायचे असते. निबंधाचा निकाल बऱ्याचदा या पत्रावरच ठरतो. म्हणूनच ते रवाना होण्यापूर्वी, लेखनात सहभागी नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याने तपासणे हिताचे ठरते. ही तपासणी कशी करावी, हे मालवणच्या किनाऱ्यावरील एका उदाहरणातून पाहता येईल.

मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील खडकांवर तेथे प्रवाळ आढळतात. समुद्राचे पाणी तापले, की प्रवाळ आपल्या पेशींतील सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. यालाच विरंजन म्हणतात. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी मालवणमधील प्रवाळांवर निबंध प्रसिद्ध केले आहेत. पुढील उदाहरण मात्र त्यांच्यापैकी कोणाचेही नाही. ते केवळ समजावून सांगण्यासाठी रचलेले आहे.

समजा, एका गटाने मे महिन्यात किल्ल्याजवळ समुद्रतळावर वीस मीटर लांबीच्या दहा मोजपट्ट्या अंथरल्या. प्रत्येक पट्टीलगत दहा, अशी एकूण शंभर छायाचित्रे काढली आणि पांढऱ्या पडलेल्या प्रवाळांचे प्रमाण मोजले. निबंधाच्या शीर्षकात त्यांनी 'तापमानवाढीमुळे विरंजन' असे म्हटले.

परिपूर्णता : आधी आक्षेप मोजा

तपासणाऱ्याने उत्तरपत्र उघडण्यापूर्वी समीक्षकांचे मूळ अभिप्राय वाचावेत. समीक्षक 'मुद्दा तीन' असा एकच क्रमांक घालतो, पण त्या परिच्छेदात अनेक मागण्या दडलेल्या असतात. आपल्या उदाहरणातील समीक्षक लिहितो : तापमानाचे आकडे कोठून घेतले, ते स्पष्ट करावे, उपग्रहाचे असल्यास ते प्रवाळांच्या खोलीवरील पाण्याला कितपत लागू पडतात, हे सांगावे, पाण्याचा गढूळपणा मोजला होता का, नसल्यास शीर्षकातील कारणाचा दावा टिकतो का?

या चार मागण्या आहेत. मसुद्यातील उत्तर असे : 'सूचनेबद्दल आभार. तापमानाचे आकडे उपग्रहाचे आहेत. तसा उल्लेख केला आहे.' म्हणजे चारपैकी एकाच मागणीला उत्तर मिळाले. लेखकांना हे ध्यानात येत नाही, कारण त्यांच्या दृष्टीने मुद्दा तीनखाली काहीतरी लिहिलेले आहे. यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक मागणी सुटी करून ३.१, ३.२ असा क्रमांक द्यावा, समीक्षकाचे शब्द जसेच्या तसे वर ठेवावेत आणि त्यांच्याखाली उत्तर लिहावे.

दुसरी पायरी निबंधातच करावी लागते. 'ओळ ११२ वर बदल केला आहे' असे पत्रात असेल, तर ती ओळ उघडून पाहावी. बदलांच्या खुणा असलेल्या प्रतीत आणि स्वच्छ प्रतीत ओळींचे क्रमांक वेगळे पडतात. कोणत्या प्रतीचे क्रमांक दिले आहेत, हे पत्राच्या आरंभीच सांगावे. नवे वाक्य पत्रातही उद्धृत केल्यास समीक्षकाची शोधाशोध वाचते. वचन दिलेला बदल निबंधात सापडलाच नाही, तर उरलेल्या सर्व उत्तरांवरचा विश्वासही डळमळतो.

सूर : राग आणि लाचारी, दोन्ही नकोत

समीक्षकाने विचारलेले असते, 'पट्ट्यांच्या जागा कशा निवडल्या?' मसुदा म्हणतो, 'ही माहिती निबंधात स्पष्ट दिलेली आहे. समीक्षकांनी ती वाचलेली दिसत नाही.' माहिती खरोखर असेलही. पण ती एका वाचकाला सापडली नाही, ही वस्तुस्थिती आहे. म्हणून उत्तर असे असावे : 'जागा निवडण्याची पद्धत परिशिष्टात होती, त्यामुळे ती सहज दिसत नव्हती. आता ती पद्धतींच्या विभागात आणली आहे.' येथे माफी नाही आणि टोमणाही नाही.

दुसरे टोक म्हणजे प्रत्येक मुद्द्याला 'अत्यंत मोलाची सूचना' म्हणत जाणे. आभार आरंभी एकदा मानले की पुरे. सूर तपासताना प्रत्येक उत्तराचे पहिले वाक्य झाकून पाहावे. उरलेल्या मजकुरात काहीच माहिती नसेल, तर ते उत्तर केवळ शिष्टाचाराचे आहे.

मतभेद : 'जमले नाही' आणि 'पटले नाही'

सर्वांत नाजूक भाग मतभेदाचा. मुद्दा ३.३ ला, म्हणजे गढूळपणाच्या प्रश्नाला, मसुद्यात उत्तर आहे : 'हा विषय प्रस्तुत अभ्यासाच्या कक्षेबाहेर आहे.' तपासणाऱ्याने येथे लेखकांना सरळ विचारावे, की खरे कारण काय? कारण एवढेच, की गढूळपणा मोजला नव्हता आणि तो मे महिना आता परत येणार नाही. मग तेच लिहावे आणि त्याची किंमतही चुकवावी. खाड्यांतून येणारा गाळ हे पर्यायी कारण नाकारता येत नसेल, तर शीर्षक 'तापमानवाढीच्या काळात आढळलेले विरंजन' असे करावे आणि ही मर्यादा चर्चेच्या विभागात नोंदवावी. मर्यादा पत्रात मान्य करून निबंधात दावा तसाच ठेवणे, हा प्रामाणिकपणा नव्हे.

याउलट, कधी समीक्षकाचेच चुकते. समजा, तो सुचवितो, की दहाच नमुने अपुरे आहेत, म्हणून शंभर छायाचित्रे शंभर स्वतंत्र नमुने धरावीत. तसे केल्यास निष्कर्ष अधिक ठाम दिसेल, आणि म्हणूनच मान डोलावण्याचा मोह होतो. परंतु एकाच पट्टीवरील दहा छायाचित्रे शेजारच्याच प्रवाळांची असतात. ती एकमेकांसारखी असण्याचा संभव मोठा. त्यांना स्वतंत्र मानल्यास खात्रीचा आभास निर्माण होतो. येथे नकारच योग्य. तो देताना समीक्षकाची चिंता आधी मान्य करावी, मग कारण द्यावे आणि शेवटी काय केले ते सांगावे : 'नमुने थोडे आहेत, हे खरे. तथापि छायाचित्रे स्वतंत्र नसल्याने गणना पट्टीनिहायच ठेवली आहे. अनिश्चितता दिसावी म्हणून दहाही पट्ट्यांचे आकडे आता तक्त्यात दिले आहेत.' निर्णय संपादकांचा असतो. त्यांना दोन्ही बाजू तोलता येतील एवढी सामग्री पत्रात हवी.

थोरांनाही हा धडा चुकलेला नाही. १९३६ मध्ये आइन्स्टाइन आणि रोझेन यांनी गुरुत्वीय लहरी अस्तित्वात नसल्याचे सांगणारा निबंध 'फिजिकल रिव्ह्यू'कडे पाठविला. समीक्षकाने सविस्तर आक्षेप घेतले. निबंध छपाईपूर्वी तज्ज्ञाला दाखविण्याची परवानगी आपण दिली नव्हती आणि त्याच्या चुकीच्या शेऱ्यांना उत्तर देण्याचे कारण दिसत नाही, अशा आशयाचे पत्र लिहून आइन्स्टाइन यांनी तो परत घेतला. तो निनावी समीक्षक हॉवर्ड रॉबर्टसन होता आणि त्याचा आक्षेप रास्त होता. १९३७ मध्ये निबंध दुसऱ्या नियतकालिकात आला, तेव्हा निष्कर्ष बदललेला होता.

ते पत्र दीर्घकाळ दप्तरातच राहिले. आता ती सोय सर्वत्र उरलेली नाही. 'नेचर'ने जून २०२५ पासून नव्याने येणाऱ्या व पुढे प्रसिद्ध होणाऱ्या संशोधन निबंधांसोबत समीक्षकांचे अभिप्राय आणि लेखकांची उत्तरे प्रसिद्ध करण्याचे धोरण स्वीकारले आहे. त्यामुळे पाठविण्यापूर्वीची अखेरची कसोटी अशी : समीक्षकाचे नाव उद्या कळले आणि तो शेजारच्याच संस्थेतला निघाला, तरी या पत्रातील एकही वाक्य मागे घ्यावेसे वाटू नये.