आधी नाली, मग शीतगृह

सिंदेवाहीसारख्या गावात भाजीपाल्याचा घाऊक बाजार उभा करायचा विषय निघाला, की चर्चा दहाव्या मिनिटाला शीतगृहावर येते. युक्तिवाद साधारण असा असतो: आपल्या देशात तीस-चाळीस टक्के भाजी सडून जाते, सडते कारण ती थंड ठेवायला जागा नाही, जागा नाही म्हणून शेतकऱ्याला पडेल त्या भावाने माल द्यावा लागतो, तेव्हा शीतगृह बांधा, भाव पडला की माल आत ठेवा, चढला की बाहेर काढा. लिलावाची शेड, ट्रकची वाट, पाण्याचा निचरा या गोष्टी मग ‘इतर सुविधा’ या मथळ्याखाली शेवटच्या पानावर जातात.

हा पूर्वपक्ष निर्बुद्धांचा नाही. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातला पारा पंचेचाळीसच्या वर गेलेला ज्याने पाहिला आहे, त्याला दुपारी तीन वाजता पोत्यातल्या सांबाराची काय अवस्था होते ते वेगळे सांगायला नको. तरीही या युक्तिवादाची प्रत्येक पायरी तपासली, तर एकही धड उभी राहत नाही.

पहिली पायरी सडण्याची. तीस-चाळीस टक्क्यांचा आकडा भाषणांतून फिरतो, पण लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेने देशभर मोजणी करून 2015 मध्ये जो अहवाल दिला, त्यात भाज्यांचे नुकसान पिकागणिक साधारण साडेचार ते साडेबारा टक्के निघाले. सर्वांत वर टमाटर होते. हे नुकसान लहान नाही. मात्र त्याचा मोठा वाटा तोडणी, निवड, भरणी आणि वाहतूक यांत होतो. साठवणीतला वाटा त्यामानाने कमी. टमाटर गोणीत कोंबले, गोणीवर गोणी टाकली, वर माणूस बसला, तर खालच्या थराचे जे व्हायचे ते वाटेतच होते. फुटलेले टमाटर बारा अंशांवर ठेवले तरी फुटलेलेच राहते.

त्याच वर्षी राष्ट्रीय शीतसाखळी विकास केंद्राने देशाच्या गरजेचा हिशेब मांडला. शीतगृहांची गरज साडेतीन कोटी टनांच्या आसपास आणि उपलब्ध क्षमता तीन कोटी टनांच्या थोडी वर, म्हणजे तूट फारशी नव्हती. पण जिथे माल निवडला, धुतला, पूर्वशीत केला आणि भरला जातो अशी पॅकहाउसे हवी होती सत्तर हजारांहून अधिक, आणि होती अडीचशेच्या आत. शिवाय त्या शीतगृहांतला बराचसा भाग उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगालच्या बटाट्याने व्यापलेला. या आकड्यांवरून मी निष्कर्ष असा काढतो, की शीतगृहाची इमारत उभी करणे आपल्याला जमते; तिच्या आधीचे काम जमत नाही.

दुसरी पायरी ‘भाव चढेपर्यंत ठेवण्याची’. इथे पिकाचा स्वभाव आडवा येतो. फुलकोबी शून्य अंशाजवळ आणि दमट हवेत ठेवली तर तीनेक आठवडे टिकते. वांगे शून्याजवळ नेले तर बिघडते. त्याला दहा-बारा अंश लागतात आणि तिथे ते दहा ते चौदा दिवस तग धरते. भेंडीचा मुक्काम सात-दहा दिवसांचा. आता वांगी आणि फुलकोबी एकाच खोलीत ठेवा. खोली पाच अंशांवर ठेवली तर वांग्याला थंडी बाधते, आणि ही बाधा आत असताना दिसत नाही. माल बाहेर काढल्यावर एक-दोन दिवसांत सालीवर खड्डे पडतात, देठ काळवंडतो, कापल्यावर बी तपकिरी दिसते. मंडईतला जुना खरेदीदार वांगे हातात घेतो आणि आधी देठ बघतो, तो उगाच नाही. खोली बारा अंशांवर नेली तर फुलकोबी पिवळी पडते. त्यात शेजारी पिकते टमाटर असेल तर त्यातून निघणारा इथिलीन वायू तिला आणखी घाईने पिवळी करतो. म्हणजे मिश्र भाजीच्या बाजाराला एक शीतगृह पुरतच नाही. निदान दोन तापमानांच्या दोन खोल्या हव्यात, आणि दोन्ही रोज भरल्या पाहिजेत.

मुदतीचा प्रश्न याहून मोठा आहे. जानेवारी-फेब्रुवारीत कोबी, टमाटर यांचे भाव पडतात, तेव्हा ते आठ दिवसांसाठी पडत नाहीत; सगळ्यांचे पीक एकदम आल्याने महिना-दीड महिना पडलेले राहतात. दहा दिवस ठेवलेले वांगे भाडे देऊन, वजनात घटून, पुन्हा त्याच पडलेल्या बाजारात उतरते. कांद्या-बटाट्याला लागू असलेले गणित भाजीला लावण्याची ही चूक आहे. आणि कांद्याचेही बघा. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने 2002 मध्ये ‘कृषक’ हे विकिरण केंद्र उभारले, ते कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून. त्याची ओळख झाली ती 2007 पासून अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यामुळे; शेतकऱ्याचा कांदा आजही मुख्यतः चाळीत राहतो आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतच लिलावाला येतो. जुन्नर बाजार समितीच्या नारायणगाव उपबाजारात टमाटरचा उघडा लिलाव वीस किलोंच्या क्रेटवर होतो आणि माल त्याच दिवशी ट्रकवर चढतो. ही दोन्ही ठिकाणे शीतगृहाच्या बळावर मोठी झाली नाहीत. माल झटपट उतरतो, सगळ्यांसमोर बोली लागते आणि गाडी लगेच निघते, यावर ती चालतात.

सिंदेवाहीची जागा तर याच पद्धतीला सोयीची आहे. नागभीड-मूल रस्ता, शेजारून गोंदिया-बल्लारशा लोहमार्ग, चंद्रपूर दीड-दोन तासांवर, नागपूर तीनेक तासांवर. संध्याकाळी तोडलेला माल रात्री लिलाव होऊन निघाला तर पहाटेच्या आत खपाच्या बाजारात पोहोचतो. अशा ठिकाणी थंडीची भरपाई वेगाने होते. दहा टन भाजी 32 अंशांवरून 12 अंशांवर आणायची, तर जवळपास 215 युनिट इतकी उष्णता तिच्यातून बाहेर काढावी लागते. यंत्र बरे असेल तर त्याला 85-90 युनिट वीज लागेल. भिंती, दार आणि भाजीचा स्वतःचा श्वास यांचा खर्च वेगळा. त्यातही साठवणीच्या खोलीचे यंत्र आधीच थंड झालेला माल थंड राखण्यापुरते असते. गोणींच्या थप्पीत गार हवा बाहेरून फिरते आणि आतली भाजी गार व्हायला दिवस-दिवस घेते. तेवढ्या वेळात ट्रक नागपूरला जाऊन परत येतो.

पैशाचाही अंदाज करून बघू. रोज दहा टन आवक आणि सरासरी पंधरा रुपये किलो धरले, तर उलाढाल दीड लाखाची. बाजार फी शेकडा रुपयाभर धरली तरी समितीच्या हाती दिवसाला दीड हजार येतील. त्यात वीज बिल, यंत्रचालक, जनरेटरचे डिझेल आणि दुरुस्ती बसवून दाखवावी. शिवाय 2016 पासून महाराष्ट्रात फळे-भाजीपाल्यावरचे बाजार समितीचे नियमन आवाराबाहेर उठले आहे आणि आवारातली अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची आहे. व्यापारी बांधावर जाऊन माल उचलू शकतो. त्याने आवारात यावे असे वाटत असेल, तर आवार त्याच्यासाठी वेगवान आणि कोरडे असायला हवे.

कोरडे हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण या पट्ट्यात पाऊस तेराशे मिलिमीटरच्या पुढे जातो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडतो. जमीन धानाची, चिकण. धानाला पाणी बांधीत साचून हवे असते. नेमकी तशीच सपाट जागा स्वस्तात मिळते म्हणून बाजाराला दिली जाते.

एक हेक्टर आवार घ्या, बहुतेक फरसबंद. तासाला पन्नास मिलिमीटरची सर आली, तर थोडे पाणी मुरते असे धरूनही तासाभरात साडेचारशे घनमीटर, म्हणजे सेकंदाला सव्वाशे लिटर पाणी बाहेर काढावे लागते. पंचेचाळीस सेंटिमीटर रुंदीची सिमेंटची नाली दोनशेला एक उताराने नेली आणि तीत तीस सेंटिमीटर पाणी वाहिले, तर ती सेकंदाला एकशेसाठ लिटर नेते. कागदावर काम झाले. आता तिच्यात पत्ताकोबीची पाने, सुतळी, फाटक्या गोण्या आणि गाळ बसून वाट निम्मी राहिली, तर वाहण्याची शक्ती निम्म्याहूनही खाली, साठ-पासष्ट लिटरवर येते. उरलेले पाणी शेडमध्ये येणार. म्हणून भाजीबाजाराची नाली पावसाच्या हिशेबाने बांधून भागत नाही. नालीला फावडे घालता येईल अशी उचलती झाकणे, प्रत्येक शेडच्या तोंडाशी जाळी, आणि पाने नालीत जाण्याआधी उचलणारा माणूस, हे तिचेच भाग आहेत.

सर्वांत जास्त चुका खालच्या टोकाला होतात. दोनशेला एक उतार म्हणजे शंभर मीटरला अर्धा मीटर. सुरुवातीला तीस सेंटिमीटर खोल असलेली नाली दुसऱ्या टोकाला ऐंशी सेंटिमीटर खोल जाते. बाहेरच्या नाल्याचा तळ त्याच्या वर असेल, किंवा पुरात त्याचे पाणी वर चढत असेल, तर पाणी उलटे आवारात शिरते. तेव्हा जागा घेण्यापूर्वी लेव्हल मशीन लावून बाहेरच्या नाल्याची पुरातली पातळी मोजली पाहिजे, आणि ती आड येत असेल तर आवार भर घालून उचलले पाहिजे. इमारत झाल्यावर हा दोष दुरुस्त होत नाही.

भर घालायचीच असेल तर तिचा आणखी उपयोग आहे. शेतकरी सायकलवर, बंडीत, तीनचाकीत माल आणतो. त्याला शेडचा ओटा जमिनीलगत हवा. व्यापाऱ्याच्या ट्रकचा हौदा मीटर-सव्वा मीटर उंच असतो. त्याला दुसऱ्या बाजूला तितकीच उंची हवी. शेड उताराला आडवी टाकली, तर एका बाजूने माल सरळ आत येतो, दुसऱ्या बाजूने हमाल डोक्यावर न उचलता तो गाडीत सरकवतो. ट्रकला वळायला पंचवीसेक मीटर मोकळी जागा सोडावी, आणि येणारी वाट व जाणारी वाट वेगळी असावी. लिलावाच्या वेळी समोरासमोर अडकलेल्या दोन गाड्या तासभर घेतात, आणि तो तास भाजी उकाड्यात काढते.

थंडीला माझा विरोध नाही. उन्हाळ्यात उरलेल्या मालासाठी पुसा येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला वीटबांधणीचा शीतकक्ष चालतो. दोन भिंतींमध्ये वाळू ओली ठेवायची. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात तो चांगले काम देतो, पावसाळ्यात हवा दमट झाली की त्याचा उपयोग जवळपास संपतो. विजेची खोली हवीच असेल तर बारा अंशांची, पाच टनांची एक बांधावी. तीत गोण्या घेऊ नयेत, क्रेटच घ्यावेत आणि त्यांच्यामधून हवा जाईल अशी मांडणी असावी. तिची जागा आराखड्यात राखून ठेवावी, वीजजोडणीचा भार धरून ठेवावा. बांधकामाची निविदा मात्र दोन पावसाळे आवार कोरडे राहिल्यावर आणि रात्रीच्या लिलावानंतर रोज किती क्रेट उरतात याची वही तयार झाल्यावर काढावी.