सैंधव, खडा मीठ की ‘लो सोडियम’? रक्तदाब असलेल्या घरात कुठलं मीठ चालेल

रक्तदाबाचं निदान झालं की घरात पहिला बदल होतो तो मिठाच्या बरणीत. कुणी सांगतं सैंधव आणा, कुणी म्हणतं खडा मीठच बरं. आता दुकानात ‘लो सोडियम’ची पाकिटंही दिसतात. रक्तदाबाशी संबंध सोडियमचा आहे, म्हणून या तिन्हींची तुलना आधी सोडियमवर करायला हवी.

सैंधव आणि खडा मीठ

शुद्ध मिठात, म्हणजे सोडियम क्लोराईडमध्ये, वजनाने साधारण 39 टक्के सोडियम असतं. सैंधव (शेंदेलोण) हे खाणीतलं मीठ. पाकिस्तानातल्या पंजाबमधली खेवडा ही त्याची प्रसिद्ध खाण. तेही जवळपास सगळं सोडियम क्लोराईडच असतं. गुलाबी रंग त्यातल्या लोहाच्या अंशामुळे येतो. बाकीची खनिजं इतकी थोडी असतात की रोजच्या चमचाभर मिठातून त्यांचा उपयोग होत नाही.

गोव्यात पेडण्याजवळच्या अगरवाड्यासारख्या मिठागरांतल्या खडा मिठात ओलावा आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. त्यामुळे वजनामागे सोडियम किंचित कमी भरतं. खडे मोठे असल्याने एका चमच्यात मीठही कमी मावतं. पण आमटी चवीला बरोबर लागेपर्यंत आपण मीठ घालतोच, त्यामुळे शेवटी पोटात जाणारं सोडियम जवळपास तेवढंच राहतं.

दुसरा फरक आयोडीनचा. आयोडीनयुक्त मिठात ग्राहकाच्या हाती पडताना किलोमागे किमान 15 मिलिग्रॅम आयोडीन असावं लागतं. सैंधवात आणि मिठागरातल्या सुट्या मिठात ते सहसा घातलेलं नसतं. उपवासापुरतं सैंधव वापरलं तर काही बिघडत नाही. पण घरात गरोदर बाई किंवा लहान मुलं असताना वर्षभर तेच वापरणं बरोबर नाही.

‘लो सोडियम’ मिठात काय असतं

या मिठात सोडियम क्लोराईडचा काही भाग काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं. चीनमध्ये 600 गावांतल्या सुमारे 21 हजार लोकांवर जवळपास पाच वर्षं असा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष 2021 मध्ये आले. आधी पक्षाघात झालेले किंवा साठी ओलांडलेले रक्तदाबाचे रुग्ण त्यात होते. 25 टक्के पोटॅशियम क्लोराईड असलेलं मीठ खाणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण 14 टक्क्यांनी कमी आढळलं. मात्र मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेल्यांना त्यात घेतलंच नव्हतं.

एका घराचा हिशेब

समजा, चार मोठ्या माणसांच्या घरात महिन्याला एक किलो मीठ लागतं. म्हणजे माणशी रोज सुमारे 8.3 ग्रॅम मीठ, त्यात 3.3 ग्रॅम सोडियम. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा रोज 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे 2 ग्रॅमपेक्षा कमी सोडियम अशी आहे. सैंधव आणलं तरी हा आकडा फारसा हलत नाही. 30 टक्के पोटॅशियम क्लोराईडचं मीठ आणलं तर सोडियम 2.3 ग्रॅमवर येतं. फायदा आहे, पण मर्यादा अजूनही ओलांडलेलीच आहे. लोणचं, पापड, फरसाण यांतलं मीठ तर या हिशेबात धरलेलंही नाही.

त्याच वेळी माणशी रोज सुमारे 1.3 ग्रॅम जादा पोटॅशियम पोटात जातं. निरोगी मूत्रपिंड ते लघवीवाटे बाहेर टाकतं. मूत्रपिंड कमजोर असेल तर ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. बऱ्याचदा आधी काहीच जाणवत नाही. कधी हातापायांत अशक्तपणा येतो, कधी धडधडतं. खात्री फक्त रक्त तपासूनच होते.

कुणी टाळावं

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि मुलांनी हे मीठ वापरू नये. 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी या मिठाची शिफारस केली, तेव्हा या तिन्ही गटांना वगळलं आहे. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण ही औषधं स्वतःच पोटॅशियम वाढवू शकतात. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. मधुमेह जुना असेल तर क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासूनच ठरवा. एकाच बरणीतून सगळं घर जेवतं, त्यामुळे घरात असा एक जरी माणूस असेल तर ही बरणी स्वयंपाकात नको.

पाकीट कसं वाचावं

‘हिमालयीन’, ‘नैसर्गिक’ हे शब्द सोडून द्या. मागे 100 ग्रॅममागे सोडियम किती ते बघा. 38-39 ग्रॅम असेल तर ते साधंच मीठ समजा. घटकांत पोटॅशियम क्लोराईड लिहिलंय का आणि आयोडीनचा उल्लेख आहे का, हेही बघा. सोडियम 15 टक्के कमी असलेलं मीठ अळणी लागतं म्हणून पाचऐवजी सहा चमचे पडले, तर सगळी बचत गेली. म्हणून कुठलंही मीठ आणा, पण महिन्याला किती किलो संपतं ते लिहून ठेवा. चार माणसांच्या घरात तो आकडा 600 ग्रॅमच्या खाली आला पाहिजे.