लंबवर्तुळ पट्टीला कुठे छेदते? मुदतीच्या तापाची आणि एका आकड्याची गोष्ट

मराठी मुलखात विषमज्वराला ‘मुदतीचा ताप’ म्हणतात. तीन आठवड्यांची मुदत भरल्याशिवाय तो उतरत नाही, या अनुभवातून हे नाव पडले. १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल या औषधाने तो काही दिवसांत उतरतो असे दिसून आले आणि ‘मुदत’ हा शब्द केवळ नावापुरता उरला. पुढे चार दशकांत जंतूने क्लोरॅम्फेनिकॉलला, अ‍ॅम्पिसिलिनला आणि कोट्रायमोक्साझोलला एकाच वेळी दाद देणे सोडले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस भारतभर असे जंतू पसरले, तेव्हा डॉक्टरांच्या हाती सिप्रोफ्लॉक्सॅसिन आले. या धाग्याचा विषय त्यानंतर घडलेला प्रकार आहे. प्रयोगशाळेचा अहवाल ‘औषध लागू पडेल’ असे सांगत होता आणि रुग्णाचा ताप मात्र उतरत नव्हता. हा विरोधाभास समजून घ्यायचा तर अ‍ॅगरवर ठेवलेल्या एका अरुंद पट्टीकडे पाहावे लागते.

प्रथम जुनी पद्धत. १९६६ मध्ये अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे बाऊअर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चकतीची चाचणी प्रमाणबद्ध केली. बशीतल्या अ‍ॅगरवर जंतू सारवायचे, त्यावर औषधाची कागदी चकती ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी तिच्याभोवतीचे स्वच्छ वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचे. पद्धत स्वस्त आणि भरवशाची असल्याने आजही जिल्ह्याजिल्ह्यांतील प्रयोगशाळा तिच्यावरच चालतात. मात्र तिचे उत्तर शब्दांत येते: संवेदनशील, मध्यम किंवा प्रतिरोधी. जंतूची वाढ थांबवायला नेमके किती औषध लागले, हे ती सांगत नाही. त्या ‘किती’ला किमान रोधक तीव्रता, म्हणजेच एमआयसी, म्हणतात आणि ती मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये मोजतात. ती काढायची तर औषधाची दुपटीदुपटीने वाढणारी द्रावणे तयार करून प्रत्येकात जंतू वाढवून पाहावे लागत. हे काम इतके किचकट होते की लहान प्रयोगशाळा त्याच्या वाटेला जात नसत.

एकाच पृष्ठभागावर औषधाची चढती तीव्रता आणायची ही कल्पना जुनीच आहे. १९५२ मध्ये वात्स्वाव शिबाल्स्की या पोलिश वंशाच्या शास्त्रज्ञाने बशी तिरकी ठेवून तीत साधा अ‍ॅगर ओतला आणि तो गोठल्यावर बशी सरळ करून वर औषध मिसळलेला अ‍ॅगर ओतला. एका कडेला औषधाचा थर जाड, दुसऱ्या कडेला पातळ. पण या बशीवर आकडा वाचता येत नसे. स्टॉकहोमजवळच्या सोल्ना येथील एबी बायोडिस्क या कंपनीने हा चढ बशीतून उचलून प्लॅस्टिकच्या पट्टीवर आणला आणि १९८८ मध्ये ती चाचणी जगासमोर मांडली. तिचे नाव ई-टेस्ट. त्यातला ‘ई’ एप्सिलोमीटरचा.

पट्टी साधारण सहा सेंटिमीटर लांब आणि अर्धा सेंटिमीटर रुंद असते. खालच्या बाजूला वाळवलेले औषध, वरच्या बाजूला मोजपट्टी. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या पट्टीवर खालच्या टोकाला ०.००२ आणि वरच्या टोकाला ३२ हा आकडा असतो. मधले मुख्य टप्पे प्रत्येकी दुप्पट होत जातात आणि दोन टप्प्यांच्या मध्ये आणखी एक खूण असते. पट्टी अ‍ॅगरला टेकताच औषध खाली उतरते आणि पट्टीखाली तोच चढ अ‍ॅगरमध्ये उमटतो. हा चढ रात्रभर टिकतो, आणि चाचणीचा सारा भरवसा त्यावरच आहे.

मग लंबवर्तुळ का उमटते? औषध पट्टीपासून दोन्ही बाजूंनाही पसरते. वरच्या टोकाशी ते भरपूर असल्याने दूरपर्यंत पुरते आणि तिथे जंतू लांब राहतात. जसजसे खाली यावे तसतसे औषध कमी पडते आणि जंतूंची हिरवळ पट्टीच्या जवळ सरकते. एका ठिकाणी ती पट्टीला येऊन भिडते. तिथे बाजूला पसरलेल्या औषधाचा प्रश्न उरत नाही, कारण जंतू थेट पट्टीखालच्या तीव्रतेलाच तोंड देत असतात. त्या तीव्रतेच्या जरा वर वाढ थांबलेली दिसते आणि जरा खाली चालू. म्हणून कडा जिथे पट्टीला छेदते तिथला आकडा हीच एमआयसी. लंबवर्तुळ किती रुंद आहे याला वाचनात काही अर्थ नाही, हे नवख्या नजरेला पटायला थोडा वेळ लागतो.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर तालुक्यातल्या एका रुग्णाच्या रक्तातून विषमज्वराचा जंतू, साल्मोनेला टायफी, वाढला. तंत्रज्ञ त्याच्या काही वसाहती सलाईनमध्ये मिसळून ०.५ मॅकफार्लंड या प्रमाणित गढूळपणाशी जुळवतो. कापसाच्या बोळ्याने ते द्रावण मुलर-हिंटन अ‍ॅगरवर तीन दिशांनी सारवतो आणि पृष्ठभाग सुकू देतो. चिमट्याने पट्टी धरून तो ती जास्त तीव्रतेचे टोक बशीच्या कडेकडे राहील अशी ठेवतो. एकदा टेकलेली पट्टी हलवायची नाही, कारण औषध त्याच क्षणी अ‍ॅगरमध्ये उतरू लागलेले असते. मग बशी ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास १६ ते २० तास ठेवतात.

दुसऱ्या दिवशी डाव्या बाजूची कडा ०.१९ च्या खुणेवर टेकलेली दिसते आणि उजवीकडची ०.२५ वर. दोन्ही बाजू वेगळ्या वाचल्या गेल्या तर मोठा आकडा घ्यायचा आणि फरक एका दुपटीहून जास्त असेल तर चाचणी पुन्हा करायची, असा नियम आहे. म्हणून उत्तर ०.२५. उजवी बाजूही ०.१९ वरच असती तरी वर्गवारीसाठी आकडा वरच्या मुख्य टप्प्याला, म्हणजे ०.२५ लाच, नेला गेला असता. अर्ध्या टप्प्याला खाली ओढणे म्हणजे जंतूला आहे त्याहून दुबळा ठरवणे.

०.२५ या आकड्याचा अर्थ काय, याचे उत्तर वर्षावर अवलंबून आहे. मूळचा, औषधाला न सरावलेला टायफी जंतू साधारण ०.०१५ च्या आसपास थांबतो. ०.२५ म्हणजे तिथून चार दुपटी, सोळापट. जंतूच्या एका जनुकात बदल झाला की ही चढाई होते. तरीही अमेरिकेतील सीएलएसआय या मानक-संस्थेची जुनी मर्यादा अशी होती की १ किंवा त्याहून कमी आकडा असेल तर जंतू संवेदनशील. चकतीवर २१ मिलिमीटरचे वर्तुळही पुरेसे मानले जाई. त्यामुळे ०.२५ चा जंतू अहवालात निर्धोक ठरायचा. प्रत्यक्षात १९९० च्या दशकापासून व्हिएतनाम आणि भारतासह अनेक ठिकाणी अशा रुग्णांचा ताप लांबत होता आणि उपचार फसत होते. रुग्णाला औषध मिळत होते, पण जंतूला पुरेल इतके मिळत नव्हते.

प्रयोगशाळांनी त्यावर एक आडवाट काढली. नालिडिक्सिक अ‍ॅसिड या जुन्या औषधाची चकती लावायची आणि जंतू तिला दाद देत नसेल तर सिप्रोफ्लॉक्सॅसिनवरही भरवसा ठेवायचा नाही. ही युक्ती पुष्कळदा चालली, पण वेगळ्या वाटेने प्रतिकार मिळवलेले काही जंतू तिच्यातूनही निसटले. अखेर २०१२ मध्ये सीएलएसआयने टायफीसाठी मर्यादा बदलली. ०.०६ किंवा कमी संवेदनशील, ०.१२ ते ०.५ मध्यम, १ किंवा जास्त प्रतिरोधी. चकतीचे वर्तुळ आता २१ ऐवजी ३१ मिलिमीटर हवे झाले. म्हणजे श्रीरामपूरच्या आपल्या रुग्णाचा जंतू २०११ च्या नियमाने ‘संवेदनशील’, २०१२ च्या नियमाने ‘मध्यम’. जुन्या कागदपत्रांतील संवेदनशीलतेची टक्केवारी आजच्या टक्केवारीशेजारी ठेवताना हा खाचखळगा अनेक लेखक विसरतात. एमआयसीचा आकडा नोंदलेला असेल तर जुना जंतू नव्या नियमाने पुन्हा तोलता येतो, नुसता शब्द नोंदलेला असेल तर येत नाही. पट्टीचे ऐतिहासिक मोल इथे आहे.

पट्टी महाग, एका चकतीच्या कितीतरी पट. मुंबईच्या हायमीडिया कंपनीने ‘इझी एमआयसी’ नावाच्या कागदी पट्ट्या बाजारात आणल्या. त्यांच्या दोन्ही बाजूंना मोजपट्टी छापलेली असते. प्लॅस्टिकच्या पट्टीत एक जुनी गफलत होते. ती उलटी ठेवली गेली तर औषध अ‍ॅगरला टेकतच नाही, लंबवर्तुळ उमटत नाही आणि जंतू पूर्ण प्रतिरोधी असल्याचा भास होतो.

चुका इतरही आहेत. जंतूंचे द्रावण दाट झाले तर आकडा खरा असतो त्याहून वर जातो, पातळ झाले तर खाली. बशीवर एकसंध हिरवळीऐवजी सुट्या वसाहती दिसल्या की द्रावण पातळ होते हे समजावे आणि चाचणी पुन्हा लावावी. अ‍ॅगर आम्लधर्मी झाला तर सिप्रोफ्लॉक्सॅसिनची ताकद घटते आणि आकडा फुगतो. पट्ट्या थंड, कोरड्या ठेवाव्या लागतात. शीतपेटीतून काढून लगेच पाकीट फोडले तर पावसाळ्यात पट्टीवर दव धरते, म्हणून पाकीट आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे लागते. यातले काही बिघडले आहे का, हे कळण्यासाठी ज्याचा आकडा आधीच ठाऊक आहे असा ई. कोलाय २५९२२ हा प्रमाण जंतू सोबत लावतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिनला त्याचे उत्तर ०.००४ ते ०.०१६ मध्ये यावे. ते ०.०६ आले, तर त्या दिवशीच्या रुग्णाच्या आकड्यावरही विश्वास ठेवायचा नाही.

सगळे नीट जमले तरी एका दुपटीचा फरक या पद्धतीत गृहीतच असतो. ०.०६ आणि ०.१२ यांच्या सीमेवरचा जंतू आज एका बाजूला, उद्या दुसऱ्या बाजूला वाचला जाऊ शकतो. काही औषधांना तर पट्टी मुळीच मानवत नाही. कोलिस्टिनचा रेणू मोठा असल्याने अ‍ॅगरमध्ये नीट पसरत नाही, म्हणून २०१६ मध्ये सीएलएसआय आणि युरोपातील युकास्ट या दोन्ही संस्थांच्या संयुक्त गटाने त्यासाठी द्रवातील चाचणीचाच आग्रह धरला.

विषमज्वरात पुढची भिस्त सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिनवर आली. २०१६ पासून पाकिस्तानातील सिंध प्रांतात सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनलाही न जुमानणारा टायफी पसरला. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने सरकारी मोहिमेतून मुलांना टायफॉइडची नवी संयुग्म लस टोचली, तीही याच पार्श्वभूमीवर. अ‍ॅझिथ्रोमायसिनसाठी सीएलएसआयची मर्यादा १६ आहे, आणि अडचण नेमकी वाचनाची आहे. या औषधाच्या लंबवर्तुळाची कडा सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी रेखीव येत नाही, ती विरळ होत होत धूसर बनते. एकाच बशीवर एक तंत्रज्ञ ८ वाचतो, दुसरा १६, आणि धूसर भाग हिशेबात धरणारा तिसरा ३२. अशी बशी समोर आली की ती उजेडात तिरकी धरून पाहतात, दुसऱ्या तंत्रज्ञाला पहिल्याचा आकडा न सांगता वाचायला देतात, आणि तरीही मेळ बसला नाही तर पट्टी बाजूला ठेवून पुन्हा दुपटीदुपटीच्या द्रावणांकडे वळतात.