पगार सरकारचा, बाकी संस्थेची

भाईंदरच्या अनुदानित माध्यमिक शाळेचे अंदाजपत्रक तयार करताना मुख्य लिपिक दोन रकाने आखतो. एकात ठाण्याच्या वेतन पथकाकडून येणारे पगार, दुसऱ्यात संस्थेच्या खिशातून जाणारा खर्च. या रेघेचे मूळ 1854 च्या वुडच्या खलित्यात आहे. शाळेला सर्वसाधारण खर्चासाठी मोघम मदत देऊ नये, मुख्य शिक्षकाच्या पगारात भर, कनिष्ठ शिक्षक अशा ठरावीक कामासाठीच द्यावी, असे त्यात सांगितले होते.

मुंबई इलाख्याने 1860 च्या दशकात मात्र वेगळीच वाट धरली. मुले परीक्षेत किती पास झाली त्यावर अनुदान! पैसा पगाराला गेला की छपराला, हे विचारण्याचे कारणच उरले नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही पद्धत मोडीत निघाली. पुढे अनुदान मान्य खर्चाशी जोडले गेले. मग कोणता खर्च मान्य, कोणता अमान्य, हे ठरवणे आले आणि रेघ परतली. पगार थेट शिक्षकांच्या बँक खात्यात जाऊ लागल्यावर ती आणखी ठळक झाली. वेतनेतर अनुदान 2004 पासून थांबले आणि 2013 मध्ये 5 टक्के दराने परतले. अर्थात वीजबिल आणि डागडुजीला ते पुरत नाही. उरलेला भार दुसऱ्या रकान्यातच पडतो.

घोटाळा होतो तो मान्यता लांबते तेव्हा. समजा, मंजूर पदावर एक शिक्षणसेवक 1 जुलैला रुजू झाला, पण त्याची वैयक्तिक मान्यता जानेवारीत आली. तोवर शालार्थ प्रणालीत नावच नाही, म्हणून संस्थेने सहा महिने दरमहा 10,000 रुपये दिले. मान्यता 1 जुलैपासूनची असल्याने दरमहा 18,000 प्रमाणे 1,08,000 रुपयांची थकबाकी त्याच्या खात्यात जमा झाली. लिपिकाने हे वेतनात धरले आणि आधीचे 60,000 संस्थेच्या खर्चात तसेच ठेवले, तर एकाच पदावर 1,68,000 खर्च दिसतो. ते 60,000 उचल म्हणून दिलेले असतील, तर खरा खर्च 1,08,000 आहे आणि ती संस्थेची येणे रक्कम होते. उलट मान्यता नाकारली गेली, तर सगळा बोजा संस्थेचा. म्हणून पैसे देतानाच ते उचल की मानधन, हे लेखी ठरवावे. नंतर सोयीने ठरवलेले लेखापरीक्षकाला पटत नाही, आणि पटू नयेच.

चूक ओळखायला फार हुशारी लागत नाही. हजेरीपटावरची नावे आणि त्या महिन्याच्या वेतन देयकातली नावे शेजारी ठेवा. हजेरीपटावर जास्तीची असलेली नावे संस्थेच्या रकान्यात सापडली पाहिजेत. अंदाजपत्रकावर सही करण्याआधी मुख्याध्यापकांनी एवढे तरी स्वतः पाहावे.