वास्तव उत्तरातल्या काल्पनिक I ची कुळकथा

तीन ओळी, तीन स्तंभ आणि सगळे पूर्णांक. मॅट्रिक्स सममित आहे, म्हणजे कर्णाच्या वरचं आणि खालचं सारखंच. त्याची आयगेनमूल्यं नमपायला विचारू आणि सिमपायलाही.

```python
import numpy as np
import sympy as sp

A = [[1, 1, 0], [1, -1, 1], [0, 1, 0]]
print(np.linalg.eigvalsh(A))
print(sp.Matrix(A).eigenvals())
```

नमपाय तीन दशांश संख्या देऊन मोकळा होतो: `-1.87938524`, `0.34729636` आणि `1.53208889`. सिमपायकडून मात्र घनमुळांची लांबलचक माळ येते आणि त्या प्रत्येक घनमुळाच्या पोटात `sqrt(3)*I` बसलेलं असतं. हा `I` म्हणजे उणे एकचं वर्गमूळ. सममित वास्तव मॅट्रिक्सची आयगेनमूल्यं वास्तवच असतात हे कोशीने 1829 मध्येच सिद्ध केलं होतं. मग अचूक म्हणवणाऱ्या उत्तरात काल्पनिक संख्या आली कुठून? मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एखादा आकडा चुकीचा टाईप झाला असावा म्हणून मॅट्रिक्स पुन्हा तपासलं होतं. आकडे बरोबर होते. तो `I` सिमपायचा नव्हेच, तो सोळाव्या शतकातल्या इटलीतून आलेला आहे.

या मॅट्रिक्सची लाक्षणिक बहुपदी मांडली की `x**3 - 3*x + 1` मिळते. तिची मुळं हीच आयगेनमूल्यं. घन बहुपदीची मुळं करणीत, म्हणजे वर्गमुळं आणि घनमुळं वापरून, लिहिण्याचं सूत्र कार्दानोने 1545 मध्ये ‘आर्स माग्ना’त छापलं. ते त्याचं स्वतःचं नव्हतं. बोलोन्याच्या देल फेर्रोने आधी शोधलं होतं, तार्तालियाने स्वतंत्रपणे शोधलं होतं आणि त्याच्याकडून ते कार्दानोकडे आलं होतं. सूत्र सांगतं की `x**3 + p*x + q` असेल तर आधी `q**2/4 + p**3/27` काढा आणि त्याचं वर्गमूळ घ्या. आपल्याकडे p उणे 3 आणि q 1 आहे. पाव वजा एक, म्हणजे उणे पाऊण. ऋण संख्येचं वर्गमूळ घ्यायची वेळ पहिल्याच पायरीवर येते.

गंमत अशी की तिन्ही मुळं वास्तव आणि वेगवेगळी असली की ही राशी नेहमीच ऋण निघते. म्हणजे मुळं जेव्हा सगळ्यात सरळ, तेव्हाच सूत्र अडतं. कार्दानोला हा पेच दिसला होता, सुटला नाही. तो सोडवण्याचं धाडस बोंबेल्लीने केलं. 1572 च्या आपल्या बीजगणिताच्या ग्रंथात त्याने `x**3 = 15*x + 4` हे समीकरण घेतलं. याचं एक मूळ 4 आहे, हे ताळा करून कुणीही सांगेल. पण सूत्रातून मात्र उणे 121 चं वर्गमूळ बाहेर पडतं. बोंबेल्लीने ते फेकून दिलं नाही. अशा राशींची बेरीज-गुणाकाराची रीत बसवली आणि दाखवलं की दोन घनमुळं 2 अधिक आणि 2 उणे `I` अशी निघतात. ती मिळवली की `I` एकमेकांना खाऊन टाकतात आणि 4 उरतात. संमिश्र संख्यांचा पाया इथे घातला गेला असं मी मानतो. तो घातला गेला वास्तव उत्तरापर्यंत पोहोचण्यासाठी.

आपलं उदाहरण त्याहून सुबक आहे. सूत्रानुसार घनमूळ घ्यायचं ते उणे अर्धा अधिक `sqrt(3)*I/2` याचं. कागदावर अक्ष काढून ही संख्या मांडली तर ती केंद्रापासून एक एकक अंतरावर, 120 अंशांच्या कोनात येते. घनमूळ घेणं म्हणजे कोनाचे तीन भाग करणं: 40 अंश. तिची जोडीदार संख्या उणे 40 अंशांवर. दोघींची बेरीज केली की वरखालचे भाग रद्द होतात आणि 40 अंशांच्या कोसाइनची दुप्पट उरते, 1.53208889. नमपायने छापलेला शेवटचा आकडा तोच. उरलेली दोन मुळं 80 आणि 160 अंशांची. कोन तीन भागांत विभागून घन समीकरण सोडवण्याची ही वाट व्हिएतने दाखवली होती. सिमपायलाही ती येते: `sp.roots(x**3 - 3*x + 1, trig=True)` असं सांगितलं (आधी `x = sp.symbols('x')` लिहून) तर करण्यांऐवजी कोसाइनमध्ये उत्तर मिळतं.

मग सिमपाय आपणहून `I` पुसून का टाकत नाही? कारण करणीत राहायचं असेल तर तो पुसताच येत नाही. परिमेय सहगुणकांच्या घन बहुपदीला परिमेय मूळ नसेल आणि तिन्ही मुळं वास्तव असतील, तर फक्त वास्तव करण्यांत ती लिहिणं अशक्य आहे. याची सिद्धता एकोणिसाव्या शतकात झाली.

याचा त्रास पुढे जाणवतो. त्या करण्यांना `N()` लावला की काल्पनिक भाग प्रत्यक्ष आकड्यांत काढले जातात, एकमेकांतून वजा होतात आणि `1.53208888623796` च्या शेपटाला `0.e-20*I` सारखं काहीतरी लटकू शकतं. त्याला एकही सार्थ अंक नसतो, हीच त्याची ओळख. मुळं लहान-मोठी लावायला घेतली की ते आडवं येतं. अशा वेळी `evalf(chop=True)` लावावा. पण मूळ खरंच वास्तव आहे हे आधी ठाऊक असेल तरच. आपल्याला ते कोशीमुळे ठाऊक आहे.

नमपायचं घराणं वेगळं. ते बहुपदीच्या वाटेला जातच नाही. 1846 मध्ये याकोबीने ग्रहांच्या कक्षांमधल्या दीर्घकालीन बदलांची समीकरणं सोडवताना सममित तक्ता थोडा थोडा फिरवत कर्णाबाहेरचे आकडे शून्याकडे नेले. कर्णावर जे उरतं ती आयगेनमूल्यं. 1961 च्या सुमारास इंग्लंडमध्ये फ्रान्सिस आणि लेनिनग्राडमध्ये कुब्लानोव्स्काया यांनी एकमेकांना न कळता क्यूआर रीत शोधली. आज नमपाय ज्या लापॅकच्या फोर्ट्रान लिखाणावर उभा आहे, त्यात हीच परंपरा आहे. फ्रान्सिस नंतर या क्षेत्रातून बाहेर पडला. 2007 मध्ये त्याला शोधून काढलं, तोवर आपल्या रीतीचं पुढे काय झालं हे त्याला माहीतच नव्हतं.

या वाटेने येणारी संख्या सुमारे सोळा सार्थ अंकांची. ती वास्तव असते, कारण `eigvalsh` तक्ता सममित आहे असं गृहीतच धरतो. त्यात धोकाही आहे: तो फक्त कर्ण आणि खालचा त्रिकोण वाचतो. वरच्या त्रिकोणात आकडा चुकला असेल तर कुरकुर न करता दुसऱ्याच मॅट्रिक्सचं उत्तर देतो. म्हणून आधी `np.allclose(A, np.transpose(A))` पाहून घ्यावं. शिवाय `0.34729636` हा आकडा 80 अंशांबद्दल चकार शब्द काढत नाही. ते अचूक उत्तरातून कळतं.

पाच बाय पाचला आलं की ही दोन घराणी एकमेकांजवळ येतात. पंचघाती बहुपदीसाठी करणींचं सर्वसाधारण सूत्र असूच शकत नाही, हे आबेलने 1824 मध्ये दाखवलं. `x**5 - x - 1` चीही मुळं करणीत लिहिता येत नाहीत. म्हणून ती ज्याची लाक्षणिक बहुपदी आहे अशा मॅट्रिक्ससाठी सिमपायकडेही करण्या नाहीत. त्याचं मूळ तो `CRootOf(x**5 - x - 1, 0)` असं लिहितो, म्हणजे ‘या बहुपदीचं पहिलं मूळ’, आणि अंक हवे असतील तर तोही, नमपायसारखाच, टप्प्याटप्प्याने जवळ जात ते काढून देतो. फरक इतकाच की नमपाय सोळाव्या अंकाशी थांबतो आणि सिमपायला पन्नास मागितले तर तो पन्नास देतो.