पानावर तिरका CONFIDENTIAL छापलेला असेल, तर खालचा मजकूर नीट कसा उतरवायचा?

मागच्या महिन्यात मामांनी मला व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ पाठवली. दुकानाच्या गाळ्यासाठी लिव्ह अँड लायसन्सचा कच्चा मसुदा होता, चार पानी, स्कॅन केलेला. प्रत्येक पानावर खालच्या डाव्या कोपऱ्यापासून वरच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत CONFIDENTIAL असा मोठा राखाडी वॉटरमार्क होता. मामांची नजर कमी झाली आहे, ते फोन टॉकबॅकवर ऐकतात. स्कॅन म्हणजे नुसता फोटो असतो, त्यामुळे टॉकबॅकला त्यात काही सापडत नव्हतं. "तू फक्त टाइप करून पाठव, सही करायच्या आधी मला पूर्ण ऐकायचंय," असं ते म्हणाले.

मला वाटलं पाच मिनिटांचं काम आहे. फोटो गुगल लेन्समध्ये टाकला, मजकूर कॉपी केला आणि सहज म्हणून मूळ पानाशी ताडून बघितला. मूळ वाक्य होतं, "लॉक-इन कालावधीत गाळा सोडल्यास अनामत रक्कम परत मिळणार नाही." कॉपी झालेल्या मजकुरात शेवटचा "नाही" गायब होता, कारण त्याच्यावरून एका अक्षराची जाड रेघ गेली होती. मामांनी ते ऐकलं असतं, तर पैसे परत मिळणार असं समजून सही केली असती.

म्हणून अशी पानं कशी उतरवायची ते नीट सांगतो.

आधी बघा: हा मजकूर आहे की फोटो?

पीडीएफ उघडा आणि एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा. शब्द सिलेक्ट झाला तर बहुधा आत खरा मजकूर आहे आणि फोटोवरून अक्षर ओळखण्याची, म्हणजे ओसीआरची, सहसा गरज नसते. अशा फाइलमध्ये वॉटरमार्क डोळ्यांना अक्षरांवर दिसतो, पण फाइलच्या आत तो वेगळा तुकडा म्हणून ठेवलेला असतो. त्रास एवढाच की सगळं कॉपी केलं की वॉटरमार्कची अक्षरं मधल्याच ओळींत घुसतात.

यासाठी पॉपलर या मोफत संचातली एक कमांड आहे. लॅपटॉपवर चालते आणि अँड्रॉइडवर टर्मक्समध्येही `pkg install poppler` करून वापरता येते.

```
pdftotext -nodiag masuda.pdf masuda.txt
```

`-nodiag` म्हणजे तिरका लिहिलेला मजकूर सोडून दे. सरळ ओळी राहतात, तिरका शिक्का जातो. नव्या मसुद्यांपैकी बरेचसे इथेच सुटतात.

मराठीत एक अडचण येते. मसुदा जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला असेल तर शब्द सिलेक्ट होतो, पण पेस्ट केल्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी येते. तसं झालं तर ती फाइल फोटोच समजा आणि पुढच्या पायरीवर या.

फोटो असेल, तर वॉटरमार्क कसा आहे ते बघा

पान भरपूर झूम करा आणि रेघ जिथे अक्षराला कापते तिथे बघा. अक्षराची काळी रेषा वॉटरमार्कच्या आतूनही पुढे जाताना दिसते का?

दिसत असेल तर काम होण्यासारखं आहे. का, ते आकड्यांत समजून घेऊ. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला ० ते २५५ असा उजेडाचा आकडा असतो. ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. समजा वॉटरमार्कचा राखाडी रंग १९२ आहे आणि तो अर्धपारदर्शक आहे. कोऱ्या कागदावर तो साधारण २२४ दिसेल आणि काळ्या अक्षरावर साधारण ९६. या दोघांत भरपूर अंतर आहे. मध्ये कुठेतरी, म्हणजे १२७ च्या आसपास, रेष मारली आणि तिच्यावरचं सगळं पांढरं, खालचं सगळं काळं केलं, तर वॉटरमार्क उडतो आणि अक्षर उरतं. याला थ्रेशोल्ड म्हणतात.

पण वॉटरमार्क अपारदर्शक असेल आणि अक्षरांच्या वर छापला असेल, तर त्या पट्ट्यात अक्षर आणि कागद दोन्ही १९२ झालेले असतात. मग खाली काय होतं ही माहिती फोटोत शिल्लकच नाही. कुठलंही ॲप ती परत आणू शकत नाही. जे ॲप आणून दाखवतं, ते अंदाज बांधतं.

वॉटरमार्क पुसायची पद्धत

फोनवर सोपा मार्ग म्हणजे फोटो एडिटर. आधी फोटो कृष्णधवल करा, मग कॉन्ट्रास्ट आणि व्हाइट पॉइंट हळूहळू वाढवा. फिकट राखाडी पांढऱ्यात मिसळतो, अक्षरं राहतात. नेमकेपणा हवा असेल तर इमेजमॅजिक वापरा:

```
magick pan3.png -colorspace Gray -threshold 50% a.png
magick pan3.png -colorspace Gray -threshold 65% b.png
```

दोन प्रती मुद्दाम काढल्या आहेत. देवनागरीत अनुस्वार, रफार, पातळ मात्रा या स्कॅनमध्ये मूळ अक्षरापेक्षा फिकट येतात. ५० टक्क्यांवर वॉटरमार्क स्वच्छ जातो, पण "भाडेकरूंनी" मधला अनुस्वारही त्याच्यासोबत जाऊ शकतो. ६५ टक्क्यांवर अनुस्वार परत येतो, पण वॉटरमार्कचे ठिपके दिसायला लागतात आणि एखादा ठिपका नको तिथे अनुस्वार होऊन बसतो. दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या की जे दोन्हींत आहे ते खरं. जे एकाच प्रतीत आहे, ते मूळ पानावर जाऊन तपासायचं.

वॉटरमार्क रंगीत असेल तर आणखी सोपं. लाल वॉटरमार्क फोटोच्या लाल चॅनेलमध्ये जवळजवळ पांढरा दिसतो, काळं अक्षर मात्र काळंच राहतं. निळा असेल तर R च्या जागी B लिहा.

```
magick pan3.png -channel R -separate c.png
```

मग स्वच्छ झालेली प्रत ओसीआरला द्या. टेसरॅक्टमध्ये मराठीचा कोड `mar` आहे, त्याची भाषा-फाइल वेगळी घालावी लागते:

```
tesseract b.png pan3 -l mar+eng --psm 6
```

फोटो व्हॉट्सॲपवरून मागवताना "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा. साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान केला जातो, अक्षर आणि वॉटरमार्क यांची कड पसरते आणि वरचं आकड्यांचं अंतर कमी होतं. स्कॅन करता येत असेल तर ३०० डीपीआयवर करा.

ओसीआर नेमका कुठे चुकतो

चूक पानभर पसरलेली नसते, ती वॉटरमार्कच्या वाटेवर असते. त्यामुळे पूर्ण पान पुन्हा वाचण्याआधी फक्त त्या तिरक्या पट्ट्यातले शब्द ताडा. त्यातही तीन गोष्टी आधी बघा: आकडे, नकार आणि नावं. बाकी शब्द चुकला तर वाक्य अडखळतं आणि कळतं. "नाही" गळला किंवा आकडा बदलला तर वाक्य तसंच गुळगुळीत राहतं.

मामांच्या मसुद्यात अनामत रक्कम ओसीआरने ९,५०,००० वाचली. वॉटरमार्कची रेघ "१" ला चिकटली आणि त्याचा "९" झाला. पण आपल्याकडे करारात रक्कम दोनदा लिहितात, ते इथे कामी आलं. पुढे कंसात "अक्षरी रुपये एक लाख पन्नास हजार फक्त" होतं आणि ते वॉटरमार्कच्या बाहेर होतं. म्हणजे आकडा १,५०,०००.

नोटिशीच्या कलमात मात्र असा आधार नव्हता. ते पान बहुधा झेरॉक्स करून मग स्कॅन केलेलं होतं. झेरॉक्समध्ये राखाडी रंगाचे काळे ठिपके होतात, मग वॉटरमार्क आणि अक्षर दोन्ही काळे, आणि थ्रेशोल्डला फरक करायला काही उरत नाही. तिथे एवढंच दिसत होतं की दोन अंकी संख्या आहे आणि शेवटी ५ आहे. मला, मामींना आणि माझ्या भावाला, तिघांनाही ते "१५ दिवस" वाटलं, कारण तसंच असेल असं आम्ही धरून चाललो होतो.

शंका असेल तर शंकाच लिहा

उतरवताना मी काही नियम पाळतो. वॉटरमार्क मजकुरात मिसळायचा नाही, पण लपवायचाही नाही. वर एकदा लिहायचं, "[प्रत्येक पानावर तिरका शिक्का: CONFIDENTIAL]". अर्धवट दिसणारं अक्षर चौकटी कंसात प्रश्नचिन्हासह लिहायचं. अजिबात न दिसणारं असेल तर "[वाचता येत नाही, सुमारे दोन शब्द]". वाक्य पूर्ण वाटावं म्हणून मधला शब्द स्वतःहून भरायचा नाही.

मामांसाठी एक बदल केला. टॉकबॅक काही सेटिंगमध्ये कंस आणि प्रश्नचिन्ह बोलत नाही, त्यामुळे शंका शब्दांतच लिहिली: "नोटीस कालावधी, पहिला अंक वाचता येत नाही, दुसरा अंक ५, दिवस." मामांनी ते ऐकलं आणि लगेच एजंटला फोन लावला. उत्तर आलं, ४५ दिवस.

आम्ही तिघांनी पाहून जे "१५" ठरवलं होतं, ते चुकीचं होतं.

शेवटी, त्या CONFIDENTIAL शब्दाबद्दल

वॉटरमार्क पुसलेली प्रत ही फक्त तुमच्या वाचण्यासाठीची कामचलाऊ प्रत आहे. ती कुणाला फॉरवर्ड करू नका, काम झालं की डिलीट करा, मूळ फाइल तशीच ठेवा. "वॉटरमार्क काढून देतो" म्हणणाऱ्या वेबसाइटवर असं पान चढवू नका, कारण ते दुसऱ्याच्या सर्व्हरवर जातं. वरच्या सगळ्या कमांड तुमच्याच मशीनवर चालतात. आणि कागद तुमचा नसेल, तर उतरवण्याआधी ज्याचा आहे त्याला विचारा. मामांनी मसुदा पाठवणाऱ्याला आधीच सांगितलं होतं, "भाचा टाइप करून देणार आहे, चालेल ना?" तो हो म्हणाला. शिवाय त्यामुळेच नंतर ४५ विचारायला फोन लावणं सोपं गेलं.